फासा टाकून मांडलेला पट आणि त्यातील किल्लेकोट

बुद्धिबळाचा पट मांडायला कोणाला विचारावे लागत नाही. कोपऱ्यात हत्ती, त्याशेजारी घोडा, मग उंट, मध्ये राजा आणि वजीर, ही मांडणी लहानपणी एकदा हाताला बसली की जन्मभर सुटत नाही. परंतु आज आम्ही ज्या खेळाविषयी सांगणार आहोत, त्यात डाव सुरू होण्यापूर्वी पट कसा मांडावयाचा हेच कोणाला ठाऊक नसते. ते फासा ठरवतो. प्यादी आपल्या नेहमीच्या जागी असतात, सर्व मोहऱ्यांच्या चाली नेहमीच्याच असतात, शह आणि मात यांतही काही फरक नसतो. बदलते ती फक्त मागच्या रांगेतील आठ मोहऱ्यांची जागा, आणि तिच्यामुळे किल्लेकोटाचा नियम जरा निराळ्या शब्दांत सांगावा लागतो. हा निराळेपणा नीट न समजल्यामुळे आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. ती हकिगत ओघात येईलच. प्रथम खेळ समजावून घेऊ.

हा खेळ बॉबी फिशर या अमेरिकन बुद्धिबळपटूने प्रचारात आणला. हा तोच फिशर, ज्याने १९७२ साली आइसलंडमधील रेक्याविक येथे रशियाच्या स्पास्कीला हरवून जगज्जेतेपद मिळवले. १९ जून १९९६ रोजी अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्स येथे त्याने आपल्या या नव्या बुद्धिबळाची घोषणा केली. मोहरी फेरफार करून मांडण्याची कल्पना त्याच्याही आधीची आहे. परंतु मांडणीला कोणत्या अटी हव्यात आणि किल्लेकोट कसा करावयाचा, हे त्याने पक्के केले. त्याची तक्रार अशी होती, की वरच्या दर्जाच्या खेळात पहिल्या पंधरा-वीस चाली पाठांतराने होतात आणि ज्याचे पाठांतर जास्त त्याला फुकटचा फायदा मिळतो. मांडणीच जर दरवेळी नवी असेल, तर पहिल्या चालीपासून दोघांनाही स्वतःचेच डोके चालवावे लागेल. या खेळाला कोणी ‘फिशर रँडम’ म्हणतात, तर कोणी ‘चेस ९६०’ म्हणतात. हा ९६० आकडा कोठून आला, ते मांडणीचे नियम पाहिले की आपोआप कळते.

मांडणीच्या अटी तीनच आहेत. पहिली अट अशी, की दोन उंटांपैकी एक पांढऱ्या घरात आणि एक काळ्या घरात असला पाहिजे. दोन्ही उंट एकाच रंगावर आले, तर अर्धा पट त्यांना कायमचा बंद होईल. दुसरी अट, राजा दोन हत्तींच्या मध्ये कोठेतरी असला पाहिजे. म्हणजे त्याच्या डाव्या अंगाला एक हत्ती आणि उजव्या अंगाला दुसरा. ही अट किल्लेकोटासाठीच आहे, कारण राजाला दोन्ही बाजूंनी किल्लेकोटाची सोय राहिली पाहिजे. तिसरी अट, काळ्याची मांडणी पांढऱ्याच्या समोरासमोर, आरशात दिसावी तशी असली पाहिजे. पांढऱ्याचा वजीर ज्या उभ्या पट्टीवर, त्याच पट्टीच्या पलीकडच्या टोकाला काळ्याचा वजीर.

या तिसऱ्या अटीत नवशिके हमखास चुकतात. काळी मोहरी घेऊन बसलेला खेळाडू आपल्या डाव्या हाताकडून मोजू लागतो, आणि मग पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातील मोहऱ्यासमोर ते मोहरे न येता कर्णाच्या दुसऱ्या टोकाला येते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. मांडणी झाल्यावर आठही उभ्या पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवावी. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखेच मोहरे दिसले तर मांडणी बरोबर. राजासमोर राजा नसेल तर डाव तेथेच थांबवून पट पुन्हा मांडावा.

आता फासा टाकू. घरी सापशिडीचा एक फासा असतोच, तेवढा पुरतो. पटाच्या उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि आडव्या रांगांना एक ते आठ आकडे आहेत, हे क्लबात खेळणाऱ्यांना सांगावयास नको. पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत बी, डी, एफ आणि एच ही चार घरे पांढरी, तर ए, सी, ई आणि जी ही चार घरे काळी असतात.

पहिला फासा पांढऱ्या घरातील उंटासाठी. चारच घरे असल्यामुळे एक ते चार एवढेच आकडे घ्यावयाचे. पाच किंवा सहा पडले तर पुन्हा टाकावयाचे. समजा, तीन पडले. डावीकडून तिसरे पांढरे घर एफ-१, तेथे उंट ठेवला. दुसरा फासा काळ्या घरातील उंटासाठी. एक पडला, पहिले काळे घर ए-१, म्हणजे कोपरा. तेथे दुसरा उंट ठेवला. आता सहा घरे मोकळी राहिली आणि फाशावर आकडेही सहाच. तिसरा फासा वजिरासाठी. पाच पडले. मोकळी घरे डावीकडून मोजली तर बी, सी, डी, ई, जी, एच, पाचवे जी. जी-१ वर वजीर बसला. राहिली पाच घरे. चौथा फासा पहिल्या घोड्यासाठी, सहा आल्यास पुन्हा. तीन पडले. बी, सी, डी, ई, एच यांतील तिसरे डी, म्हणून डी-१ वर घोडा. राहिली चार. पाचवा फासा दुसऱ्या घोड्यासाठी. चार पडले, म्हणजे बी, सी, ई, एच यांतील शेवटचे एच-१.

आता बी, सी आणि ई ही तीन घरे आणि राजा व दोन हत्ती ही तीन मोहरी उरली. येथे फासा लागत नाही. राजा हत्तींच्या मध्ये हवा, म्हणून मधल्या घरात, सी-१ वर, राजा. बी-१ आणि ई-१ वर हत्ती. आमची मांडणी डावीकडून अशी झाली: उंट, हत्ती, राजा, घोडा, हत्ती, उंट, वजीर, घोडा. काळ्यानेही आपल्या आठव्या रांगेत ए पासून एच पर्यंत याच क्रमाने मोहरी ठेवली.

हिशेबही याच ओघात करून टाकू. एका उंटाला चार घरे आणि दुसऱ्याला चार, म्हणजे सोळा प्रकार. प्रत्येक प्रकारात वजिराला सहा घरे, म्हणजे शहाण्णव. उरलेल्या पाच घरांतून दोन घोड्यांसाठी दोन घरे दहा प्रकारांनी निवडता येतात. ९६ गुणिले १० म्हणजे ९६०. राजा आणि हत्ती यांना एकच प्रकार, म्हणून गुणाकार तेथेच थांबतो. कोणी चाणाक्ष गृहस्थ विचारतील, फासा टाकताना पहिल्या घोड्याला पाच आणि दुसऱ्याला चार, म्हणजे वीस प्रकार झाले, दहा कसे? त्याचे उत्तर असे, की दोन्ही घोडे सारखेच दिसतात. आधी डी आणि मग एच असे पडले काय किंवा आधी एच आणि मग डी असे पडले काय, मांडणी एकच. प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते, आणि सगळ्याच दोनदा मोजल्या जात असल्यामुळे कोणत्याही मांडणीला झुकते माप मिळत नाही. आपली नेहमीची मांडणी ही या ९६० पैकीच एक आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता किल्लेकोट. आपल्या जुन्या देशी खेळात किल्लेकोट नव्हता. तेथे राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. युरोपातून आलेल्या पद्धतीत राजा आणि हत्ती दोघे एकाच चालीत हलतात, आणि एका बाजूला एकाच मोहऱ्याने चाल करावी या नियमाला हा एकच अपवाद आहे. नेहमीच्या खेळात आपण हा नियम असा पाठ करतो: राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे जातो आणि हत्ती त्याच्यावरून उडी मारून शेजारी बसतो. हे वाक्य नव्या खेळात प्रथम विसरावे लागते. राजा बी-१ वर असेल किंवा जी-१ वर असेल, तर दोन घरांचा हिशेब लागतच नाही.

त्याऐवजी असे लक्षात ठेवावे, की किल्लेकोटात प्रवास ठरलेला नसतो, मुक्काम ठरलेला असतो. राजा कोठूनही निघो, किल्लेकोटानंतर राजा आणि हत्ती नेहमीच्या खेळात जेथे पोहोचतात तेथेच पोहोचले पाहिजेत. उजवीकडच्या हत्तीशी किल्लेकोट केला तर राजा जी-१ वर आणि हत्ती एफ-१ वर. डावीकडच्या हत्तीशी केला तर राजा सी-१ वर आणि हत्ती डी-१ वर. काळ्यासाठी हीच घरे आठव्या रांगेत. ‘राजाची बाजू’ आणि ‘वजिराची बाजू’ हे शब्द येथे कामाचे नाहीत, कारण वजीर कोणत्याही बाजूला असू शकतो. म्हणून पहिल्याला ‘जी बाजूचा’ आणि दुसऱ्याला ‘सी बाजूचा’ किल्लेकोट म्हणावे. नेहमीच्या मांडणीला हाच नियम लावून पाहा. राजा ई-१ वर, हत्ती एच-१ वर. मुक्काम जी-१ आणि एफ-१. जुनाच किल्लेकोट निघाला. म्हणजे हा नियम नवा नव्हे. जुना नियमच एका मांडणीऐवजी ९६० मांडण्यांना लागू पडेल अशा शब्दांत सांगितला आहे, इतकेच.

मुक्काम ठरल्यावर अटी राहतात. त्या जुन्याच आहेत, फक्त त्यांचे मोजमाप नीट करावे लागते. राजा आणि तो हत्ती यांपैकी कोणीही आधी हललेले नसावे. राजाला त्या वेळी शह नसावा. राजाच्या पहिल्या घरापासून त्याच्या मुक्कामापर्यंत, दोन्ही टोके धरून, एकही घर शत्रूच्या माऱ्यात नसावे. आणि रस्ता मोकळा असावा. रस्ता म्हणजे दोन रस्ते: राजाचा त्याच्या मुक्कामापर्यंत आणि हत्तीचा त्याच्या मुक्कामापर्यंत. या दोन्ही रस्त्यांवर, मुक्कामाची घरे धरून, त्या दोघांखेरीज तिसरे कोणी नसावे. ते दोघे एकमेकांच्या वाटेत आले तर चालते. माऱ्याची अट फक्त राजाला आहे. हत्ती माऱ्यात असला, माऱ्यातील घरावरून गेला किंवा माऱ्यातील घरात जाऊन बसला, तरी किल्लेकोट नियमात बसतो.

आपल्या मांडणीवर हे सगळे लावून पाहू. पांढऱ्याचा राजा सी-१ वर, हत्ती बी-१ आणि ई-१ वर. जी बाजूचा किल्लेकोट करावयाचा तर राजाला सी पासून जी पर्यंत चार घरे जावे लागेल, आणि ई-१ वरील हत्तीला फक्त एक घर, एफ-१ पर्यंत. वाटेत डी-१ चा घोडा, एफ-१ चा उंट आणि जी-१ चा वजीर आहेत. ते तिघेही हलले पाहिजेत. ई-१ वर तो हत्तीच आहे, त्याची अडचण नाही. एच-१ वरील घोडा मात्र तेथेच बसून राहिला तरी चालेल, कारण तो कोणाच्याच रस्त्यावर नाही. सी, डी, ई, एफ आणि जी या पाचही घरांवर शत्रूचा मारा नसावा. एकूण हा लांबचा पल्ला आहे.

सी बाजूचा किल्लेकोट मात्र अगदी जवळचा, आणि गंमत तेथेच आहे. राजाचा मुक्काम सी-१, आणि राजा सी-१ वरच उभा आहे! म्हणजे राजाला हलावयाचेच नाही. बी-१ वरील हत्तीने राजावरून उडी मारून डी-१ वर जावयाचे, झाला किल्लेकोट. त्यासाठी एकच घर मोकळे हवे, ते डी-१. ए-१ च्या कोपऱ्यातील उंटाचा येथे काही संबंध नाही. तेथील घोडा दुसऱ्या चालीला ई-३ वर नेला, तर तिसऱ्या चालीला किल्लेकोट करता येतो.

आता ती हकिगत. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या क्लबात या खेळाची एक छोटी स्पर्धा झाली. नियम वाचलेले आहेत असे समजून पंचाचे काम आमच्याकडे आले. एका पटावर नेमकी हीच मांडणी पडली. पांढरी मोहरी चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाकडे होती, समोर क्लबातील एक जुने, पट्टीचे खेळाडू. पांढऱ्याने राजापुढील नव्हे तर ई पट्टीवरील प्यादे दोन घरे, ई-४ वर टाकले. काळ्याने ई-५ वर. पांढऱ्याचा घोडा डी-१ वरून ई-३ वर. काळ्याचा घोडा तसाच डी-८ वरून ई-६ वर. तिसऱ्या चालीला मुलाने राजा उचलून पटाबाहेर ठेवला, बी-१ चा हत्ती डी-१ वर ठेवला, राजा पुन्हा सी-१ वर ठेवला आणि घड्याळाची कळ दाबली.

समोरच्या गृहस्थांनी हात वर केला. “हा काय प्रकार? राजा जागचा हललाच नाही आणि हत्तीने राजावरून उडी मारली!” आम्ही पटाजवळ गेलो. मुलगा म्हणाला, “काका, हा किल्लेकोट आहे.” आम्ही पट पाहिला आणि आमच्या मनात जुने वाक्य उभे राहिले: किल्लेकोटात राजा दोन घरे जातो. येथे तर राजा शून्य घरे गेला होता. आम्ही निर्णय दिला, की हा किल्लेकोट नव्हे. चाल मागे घ्यावयाची. आणि राजाला प्रथम हात लावला असल्यामुळे राजाचीच चाल करावयाची.

या निर्णयाने काय झाले ते पटावर मांडून पाहा. सी-१ वरील राजाच्या एका बाजूला बी-१ चा हत्ती, पुढे बी, सी आणि डी पट्ट्यांवरील त्याचीच तीन प्यादी. मोकळे घर एकच, डी-१. मुलाला राजा डी-१ वर न्यावा लागला. राजा हलला, म्हणजे दोन्ही बाजूंचे किल्लेकोट त्या डावापुरते संपले. बी-१ च्या हत्तीच्या पुढे प्यादे, डावीकडे उंट. राजा पटाच्या मध्यावर, आणि मधली प्यादी लवकरच मारामारीत निघणार. मुलगा चांगला खेळला, परंतु डी पट्टी उघडल्यावर त्याच्या राजाला थारा उरला नाही. तो डाव त्याने गमावला.

त्या रात्री आम्ही नियम पुन्हा वाचले. जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, हे नियम आपल्या नियमपुस्तकाच्या परिशिष्टात घातलेले आहेत. १ जुलै २००९ पासून अमलात आलेल्या पुस्तकात ते प्रथम आले. तेथे किल्लेकोटाचे चार प्रकार स्पष्ट दिलेले आहेत. राजा आणि हत्ती दोघेही हलतात, हा एक. दोघे केवळ जागांची अदलाबदल करतात, हा दुसरा. जसे, राजा एफ-१ वर आणि हत्ती जी-१ वर असेल, तर मध्ये कोणी नसल्यामुळे अगदी पहिल्या चालीलासुद्धा किल्लेकोट करता येतो. फक्त राजा हलतो, हा तिसरा. हत्ती आधीच एफ-१ वर बसलेला असला की तसे होते. आणि फक्त हत्ती हलतो, हा चौथा. मुलाने केला तो हा चौथा. इतकेच नव्हे, तर हाताने किल्लेकोट कसा करावा याची शिफारसही तेथे आहे: राजा उचलून पटाबाहेर, त्याच्या मुक्कामाच्या घरालगत ठेवावा, हत्ती त्याच्या मुक्कामावर न्यावा, मग राजा आपल्या घरात ठेवावा. मुलाने अक्षरशः तसेच केले होते. एकच गोष्ट राहिली होती. गैरसमज टाळण्यासाठी ‘आता किल्लेकोट करतो’ असे आधी बोलून दाखवणे चांगले, असेही नियमांत सुचवले आहे. तो बोलला नाही. परंतु ती सूचना आहे, सक्ती नव्हे. चूक आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोलावून क्षमा मागितली. निकाल बदलणे शक्य नव्हते, पुढच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. तो म्हणाला, “काका, माझं जाऊ द्या. पण पुढच्या वेळी नियम लिहून भिंतीवर लावा.” आम्ही लावले. त्यात त्याच पटावरून सुचलेल्या दोन गोष्टी अधिक घातल्या, त्या येथेही सांगतो.

पहिली गोष्ट माऱ्याची. त्याच मांडणीत, डी-१ चा घोडा ई-३ वर गेल्यावर, समजा काळ्याचा वजीर एच-५ वर येऊन बसला आहे. तेथून जी-४, एफ-३ आणि ई-२ या मोकळ्या घरांवरून त्याचा मारा थेट डी-१ वर पोहोचतो. पांढऱ्याला सी बाजूचा किल्लेकोट करता येईल काय? नेहमीच्या मांडणीत उत्तर ‘नाही’ असते, कारण ई-१ वरून सी-१ वर जाताना राजा डी-१ ओलांडतो. येथे राजा डी-१ वर पाऊलच ठेवत नाही. तेथे हत्ती जातो, आणि हत्तीला माऱ्याची मनाई नाही. म्हणून किल्लेकोट नियमात बसतो. हाच राजा जी बाजूला निघाला असता तर डी-१ त्याच्या वाटेवर आले असते आणि किल्लेकोट अडला असता. तात्पर्य, ‘कोणते घर माऱ्यात आहे’ एवढे पाहून भागत नाही. ‘ते घर राजाच्या वाटेवर आहे काय’ हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट याच्या उलट, आणि ती नेहमीच्या मांडणीत घडूच शकत नाही. राजा सी-१ वर, हत्ती बी-१ वर. आणि समजा, ए-१ चा उंट मारून शत्रूचा वजीर त्या कोपऱ्यात बसला आहे. राजाला आत्ता शह नाही, कारण मध्ये बी-१ चा हत्ती आडवा आहे. सी-१ वर माराही नाही. मग किल्लेकोट होईल काय? होणार नाही. हत्ती डी-१ वर उडाला की बी-१ मोकळे पडते आणि कोपऱ्यातील वजिराचा शह राजाला बसतो. आपल्याच चालीने आपल्या राजाला शहात ठेवता येत नाही, हा सर्वांत जुना नियम येथे आडवा येतो. अशा वेळी शहाणा खेळाडू हत्तीने तो वजीरच मारील, हे खरे. परंतु पंचाला नियम माहीत हवा. किल्लेकोट झाल्यानंतरचा पट मनात मांडून राजाला शह बसतो काय, ही शेवटची तपासणी कधी चुकवू नये.

खेळाडूच्या दृष्टीने आणखी एकच सूचना करून थांबू. नेहमीच्या मांडणीत आठही प्याद्यांना मागून कोणा ना कोणा मोहऱ्याचा आधार असतो, म्हणून पहिल्या चालींत आपण प्याद्यांची काळजी करीत नाही. फाशाने पडलेल्या मांडणीत तसे नसते. आमच्याच मांडणीत ए-२ वरील प्यादे पाहा. त्याच्या मागे उंट आहे, परंतु उंट सरळ पाहत नाही. बी-१ चा हत्ती तिरपा पाहत नाही. त्याला कोणाचाच आधार नाही. आणि काळ्याचा वजीर जी-८ वर आहे. काळ्याने एफ-७ चे प्यादे एफ-५ वर टाकले, की वजिराची तिरपी वाट जी-८ पासून थेट ए-२ पर्यंत उघडते आणि ते प्यादे पहिल्याच चालीला माऱ्यात येते. पांढऱ्यालाही हीच संधी आहे: एफ-२ चे प्यादे एफ-४ वर टाकताच जी-१ चा वजीर ए-७ कडे पाहू लागतो. म्हणून पट मांडून झाल्यावर घड्याळ सुरू होण्यापूर्वी दोन गोष्टी शोधाव्यात: निराधार प्यादे कोणते, आणि त्याच्यावर रोखलेला उंट किंवा वजीर कोठे आहे. मग किल्लेकोटाचा विचारही बदलतो. सी बाजूला किल्लेकोट करून हत्ती बी-१ वरून निघाला, की ते घर राजाला मोकळे होते. पुढच्या चालीला राजा बी-१ वर सरकला तर ए-२ च्या प्याद्याला राजाचाच आधार मिळतो. त्या मुलाच्या मनात हाच बेत होता, असे त्याने नंतर आम्हाला सांगितले.

या खेळाचे पहिले अधिकृत जागतिक अजिंक्यपद फिडेने २०१९ साली नॉर्वेमध्ये घेतले. त्या वेळचा नेहमीच्या बुद्धिबळातील जगज्जेता मॅग्नस कार्लसन अंतिम सामन्यात उतरला आणि वेस्ली सो याने त्याला साडेतेरा विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. २०२२ साली हे अजिंक्यपद रेक्याविक येथे झाले, फिशर जेथे १९७२ साली जिंकला आणि २००८ साली मरण पावला त्याच गावी, आणि ते हिकारू नाकामुरा याने मिळवले. तेथे मांडणी खेळाडूंना थोडा वेळ आधी सांगितली जात असे. क्लबात तेवढीही गरज नाही. एक फासा, एक पट, आणि भिंतीवर एक कागद पुरतो. आमच्या कागदावरचे पहिले वाक्य त्या मुलाच्याच हस्ताक्षरात आहे: ‘राजा किती घरे गेला ते मोजू नका, तो कोठे पोहोचला ते पाहा.’